विश्लेषण : समुद्रतळावरचे धातूचे गोळे उचलणार कोण, आणि अडवणार कोण?

प्रशांत महासागरात हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्या दरम्यान, सव्वाचार किलोमीटर खोलीवर २०२२च्या उत्तरार्धात एक अवजड यंत्र फिरत होते. समुद्रतळावर त्याने ८० किलोमीटरहून अधिक लांबीच्या चाकोऱ्या पाडल्या आणि तीन हजार टनांहून अधिक धातूचे गोळे पाइपातून वर जहाजावर पाठवले. ही केवळ चाचणी होती. त्या चाकोऱ्यांमध्ये काय उरले याचा पहिला सविस्तर हिशेब डिसेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत चाचणी करणाऱ्या ‘द मेटल्स कंपनी’ने व्यावसायिक खाणकामाच्या परवानगीसाठी अमेरिकेकडे अर्जही केला होता. या समुद्रतळाचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला यात चक्क वळसा घालण्यात आला आहे. हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचा पट्टा राखून असलेल्या भारतासाठी हा दूरचा वाद नाही.

हे गोळे नेमके काय आहेत?

शास्त्रीय भाषेत त्यांना पॉलिमेटॅलिक नोड्यूल्स, म्हणजे बहुधातू गोळे, म्हणतात. दिसायला ते काळपट बटाट्यासारखे. शार्कचा दात, शिंपल्याचा तुकडा किंवा दगडाची कपची अशा एखाद्या कणाभोवती पाण्यातले आणि गाळातले धातू थरावर थर साचतात आणि गोळा तयार होतो. हा वेग इतका मंद आहे की दहा लाख वर्षांत जाडी वाढते ती काही मिलिमीटरने. मुठीत मावणारा गोळा घडायला त्यामुळे काही दशलक्ष वर्षे लागतात. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या मोहिमेत १८७३मध्ये ते पहिल्यांदा वर आले, तेव्हा ती एक वैज्ञानिक नवलाई होती. आज त्यातले मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या, पोलाद आणि संरक्षण उद्योगाचा कच्चा माल म्हणून पाहिले जातात.

सर्वाधिक चर्चेतला पट्टा म्हणजे ‘क्लॅरियन-क्लिपर्टन झोन’. सुमारे ४५ लाख चौरस किलोमीटरचा हा भाग भारताच्या भूभागापेक्षा बराच मोठा आहे. गोळे तिथे जमिनीत पुरलेले नाहीत, तर मऊ गाळावर अर्धवट रुतून पसरलेले आहेत. त्यामुळे सुरुंग नको, बोगदा नको, नुसते वेचायचे, असे हे काम वरवर सोपे वाटते. मात्र ‘वेचणे’ हा शब्द थोडा फसवा आहे.

वेचणे म्हणजे नेमके काय?

रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे यंत्र तळावर उतरवले जाते. ते पाण्याचे जोरदार फवारे मारून गोळे सुटे करते आणि आत ओढते. गोळ्यांबरोबर वरचा काही सेंटिमीटर गाळही उचलला जातो. बराचसा गाळ यंत्राच्या मागच्या बाजूने तिथेच सोडला जातो आणि त्याचा लोट तळालगत पसरतो. गोळे मात्र कित्येक किलोमीटर लांबीच्या उभ्या पाइपातून, हवेच्या दाबाच्या मदतीने जहाजावर येतात. तिथे गोळे वेगळे केले जातात आणि उरलेले गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते. म्हणजे धूळ दोन ठिकाणी उडते : एकदा तळाशी आणि एकदा समुद्राच्या मधल्या थरात.

क्षेत्रफळाचा हिशेब केला की या कामाचे स्वरूप स्पष्ट होते. मेटल्स कंपनीच्या पट्ट्यात दर चौरस मीटरला साधारण १५ ते १७ किलो गोळे आहेत. एखाद्या प्रकल्पाने वर्षाला ३० लाख टन गोळे काढायचे ठरवले, तर १५ किलोच्या हिशेबाने दरवर्षी २०० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागेल. हे मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मे क्षेत्र झाले. वरचा पाच सेंटिमीटर गाळ हलला असे धरले, तरी वर्षाला एक कोटी घनमीटर गाळ ढवळला जाईल. जमिनीवरची खाण एकाच जागी खोल जाते. ही खाण उथळच राहते, पण दरवर्षी नवी जागा मागते.

यंत्रेही नेहमी सांगितल्यासारखी वागत नाहीत. एप्रिल २०२१मध्ये बेल्जियमच्या ‘जीएसआर’ कंपनीचे २५ टनी ‘पटानिया-२’ हे यंत्र याच पट्ट्यात चाचणीदरम्यान केबलपासून सुटले आणि साडेचार किलोमीटर खोल तळावर अडकून पडले. काही दिवसांनी ते वर काढण्यात यश आले. पण तिथे बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस उतरत नाही, हे त्यातून दिसले.

२०२२च्या चाचणीतून काय दिसले?

लंडनच्या ‘नॅचरल हिस्ट्री म्युझियम’च्या संशोधकांसह एका गटाने चाचणीच्या दोन वर्षे आधीपासून आणि चाचणीनंतर दोन महिन्यांनी तळाचे नमुने घेतले. नमुन्यांत ०.३ मिलिमीटरपेक्षा मोठे असे ४,३५० जीव आणि त्यांच्या ७८८ प्रजाती सापडल्या. गाळात राहणारे कृमी, कोळंबीसारखे छोटे कवचधारी, शिंपले आणि गोगलगायीचे भाऊबंद असा हा परिवार. यंत्र ज्या चाकोरीतून गेले, तिथे जिवांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि प्रजातींची विविधता ३२ टक्क्यांनी घटलेली आढळली.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले जाते. तीनपैकी जवळपास दोन जीव शिल्लक राहिले, म्हणजे ‘तळ निर्जीव होईल’ ही भीती अतिरंजित आहे, असे एक बाजू म्हणू शकते. मात्र ही नोंद यंत्र गेल्यानंतर दोनच महिन्यांची आहे. शिवाय जे गोळे उचलले गेले, ते परत येणार नाहीत. त्यावर उगवणारे स्पंज, प्रवाळ आणि समुद्रफुले यांना मऊ गाळात पाय रोवता येत नाही. कित्येक किलोमीटरच्या चिखलात टणक आधार असतो तो या गोळ्यांचाच. पेरूजवळच्या समुद्रात संशोधकांना एक पांढरट, पारदर्शक अष्टपाद सापडला होता. त्याची मादी गोळ्यांवर वाढलेल्या स्पंजांच्या मृत देठांना अंडी चिकटवते आणि त्यांची राखण करते. गोळा गेला की देठ गेला आणि देठ गेला की अंड्यांची जागा गेली.

याच अभ्यासाची दुसरी नोंद कमी गाजली, पण नियम बनवणाऱ्यांसाठी ती अधिक महत्त्वाची आहे. जिथे यंत्र गेलेच नाही, फक्त गाळाचा लोट येऊन बसला, तिथे जिवांची एकूण संख्या घटली नाही. बदलले ते प्रजातींमधले प्रमाण. काही प्रजातींचे वर्चस्व वाढले आणि एकूण विविधता कमी झाली. म्हणजे नुसती डोकी मोजणाऱ्या तपासणीला इथे ‘सारे ठीक’ दिसले असते. कोणती प्रजाती किती, हे पाहिल्यावरच फरक कळतो. अडचण अशी की या संपूर्ण पट्ट्यात साडेपाच हजारांहून अधिक प्राणी-प्रजाती असाव्यात, असा २०२३मधला अंदाज आहे आणि त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांना अजून शास्त्रीय नावही मिळालेले नाही. ज्याला नाव नाही, ते नाहीसे झाल्याची नोंद कशी ठेवायची, हा प्रश्न इथे शब्दशः खरा आहे.

अभ्यासाला निधी खुद्द मेटल्स कंपनीने दिला होता, हेही नमूद करायला हवे. आयएसए या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या नियमांनुसार पर्यावरणाची माहिती गोळा करणे ही कंत्राटदाराचीच जबाबदारी असते आणि खोल समुद्रात एक नमुना घ्यायलाही जहाजाचे प्रचंड भाडे लागते. त्यामुळे या क्षेत्रातल्या बऱ्याच ज्ञानाचा खर्च खाणकाम करू पाहणारेच उचलतात. त्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. इथे तर निष्कर्ष कंपनीला गैरसोयीचेच निघाले. पण स्वतंत्र पडताळणी करू शकणारी जहाजे जगात मोजकीच आहेत.

मधल्या थरातल्या पाण्याचे काय?

जहाजावरून परत सोडलेल्या पाण्याचे नमुने हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी याच चाचणीच्या वेळी घेतले होते. समुद्राचा हा मधला थर अंधुक उजेडाचा. वरून झिरपणाऱ्या सेंद्रिय कणांवर तिथले सूक्ष्म प्राणिप्लवंग जगतात, प्लवंगांवर छोटे मासे आणि त्यांच्यावर ट्यूनासारखे मोठे मासे. खाणीतून सोडलेले कण आकाराने या नैसर्गिक खाद्याएवढेच असतात, पण पोषणमूल्यात फारच कमी. म्हणजे पोट भरते, अंगी लागत नाही. कण गाळून खाणाऱ्या प्लवंगांचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याने परिणाम साखळीत वर चढू शकतो, असा या संशोधकांचा नोव्हेंबर २०२५मधला इशारा आहे. पॅसिफिकमधील बेट-देशांची तिजोरी ट्यूना मासेमारीच्या परवान्यांवर चालते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मुद्दा केवळ पर्यावरणाचा नाही. पाणी किती खोलीवर सोडायचे, याचा सर्वमान्य नियम मात्र अजून नाही.

तळ भरून येतो का?

याचे उत्तर जुन्या चाकोऱ्यांत शोधता येते. १९७९मध्ये एका अमेरिकी गटाने याच पट्ट्यात छोट्या यंत्राची चाचणी केली होती. ४४ वर्षांनी, २०२३मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ त्या जागी परतले, तेव्हा चाकोऱ्या जवळपास तशाच दिसत होत्या. मार्च २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार गाळात वावरणारे काही छोटे जीव आणि झेनोफायोफोर हे मोठ्या आकाराचे एकपेशीय जीव परतले आहेत, तळाला चिकटून राहणारे मोठे प्राणी मात्र फारसे परतलेले नाहीत. लोट बसलेल्या भागात दीर्घकालीन परिणाम फारसा दिसला नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. पेरूच्या खोऱ्यात १९८९मध्ये नांगरलेल्या तळाची कथाही अशीच आहे : २६ वर्षांनंतर नांगराच्या रेषा स्पष्ट होत्या आणि तिथल्या सूक्ष्मजीवांचे काम मंदावलेले होते.

या सगळ्या चाचण्या काही तासांच्या किंवा दिवसांच्या होत्या. सलग २० वर्षे, शेजारीशेजारी पट्ट्यांमध्ये खाणकाम चालले तर काय होईल, हे कोणत्याही चाकोरीने अजून दाखवलेले नाही. खाणकामाचे समर्थक यावर इंडोनेशियाकडे बोट दाखवतात. तिथे निकेलसाठी वर्षावने तोडली जात आहेत. त्यापेक्षा अंधाऱ्या चिखलातले गोळे बरे, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. पण समुद्रातून निकेल आले म्हणून इंडोनेशियातली खाण बंद होईल, याची हमी कोणी देत नाही. आणि निकेल, कोबाल्ट अजिबात न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांनी विद्युत वाहनांच्या बाजारपेठेचा जवळपास निम्मा वाटा २०२४पर्यंत पटकावलाही आहे.

समुद्रतळ मुळात कोणाचा?

किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, आणि खंडमंच पुढे पसरला असेल तर आणखी काही अंतरापर्यंत, समुद्रतळावर किनारी देशाचा हक्क असतो. त्यापलीकडचा तळ कोणाचाच नाही, किंवा कायद्याच्या भाषेत सगळ्यांचा आहे. माल्टाचे राजदूत अर्विड पार्डो यांनी १९६७मध्ये संयुक्त राष्ट्रांत हा तळ ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ ठरवावा, अशी मांडणी केली. श्रीमंत देशांकडे तंत्रज्ञान आहे म्हणून त्यांनी सगळे उचलून न्यावे, हे नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना मान्य नव्हते. १९८२च्या सागरी कायदा कराराने हे तत्त्व स्वीकारले आणि १९९४मध्ये करार अमलात येताच जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण, म्हणजे आयएसए, स्थापन झाले. आज १६९ देश आणि युरोपीय महासंघ त्याचे सदस्य आहेत.

आयएसएकडून पट्टा मिळवायचा तर कंपनीला एखाद्या सदस्य देशाचे प्रायोजकत्व लागते. कंपनीवर लक्ष ठेवण्याची आणि त्यासाठी देशांतर्गत कायदा करण्याची जबाबदारी त्या देशाची. सागरी कायदा न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने २०११मध्ये हे स्पष्ट केले. देश लहान असला म्हणून ही जबाबदारी सौम्य होत नाही, असेही कक्षाने म्हटले. आणखी एक अट विशेष आहे. श्रीमंत देशाच्या कंत्राटदाराने समान मूल्याचे दोन भाग शोधून द्यायचे. एक त्याला मिळतो, दुसरा विकसनशील देशांसाठी राखीव राहतो. मेटल्स कंपनीचा पट्टा नेमका अशा राखीव भागातला आहे. कंपनी कॅनडाची, पण तिची उपकंपनी ‘नोरी’ नाऊरू या २१ चौरस किलोमीटरच्या बेट-देशाच्या प्रायोजकत्वाखाली २०११पासून तिथे कंत्राटदार आहे. गरीब देशांना वाटा मिळावा म्हणून ठेवलेले दार असे दुसऱ्याच कोणासाठी उघडले.

आयएसएची स्वतःची रचनाही अवघडलेली आहे. खाणकाम सुरू करून त्याचा लाभ जगात वाटणे आणि त्याच खाणकामापासून समुद्राचे रक्षण करणे, ही दोन्ही कामे तिच्याकडेच आहेत. आतापर्यंत तिने शोधकार्याचे ३०च्या आसपास करार केले. प्रत्यक्ष खाणकामाचा परवाना एकही नाही. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात तिने १३ मोठे भाग खाणकामासाठी बंद ठेवले आहेत, ही जमेची बाजू.

नियम का रखडले?

शोधकार्याचे नियम आहेत, उत्खननाचे नाहीत. २०२१च्या जूनमध्ये नाऊरूने १९९४च्या पूरक करारातले एक कलम वापरले : एखाद्या देशाने मागणी केल्यावर दोन वर्षांत नियम पूर्ण करायचे, नाही झाले तरी खाणकामाचा अर्ज विचारात घ्यावा लागेल. ही मुदत ९ जुलै २०२३ला संपली. नियम झाले नाहीत. त्यानंतर २०२५चे लक्ष्य ठेवले गेले; त्या वर्षीच्या जुलैमधले अधिवेशनही नियमांविना संपले. स्वामित्वशुल्क किती, ते देशांमध्ये वाटायचे कसे, हानीची ‘सहन करण्याजोगी’ मर्यादा कोणती आणि ती ओलांडल्यावर काम थांबवणार कोण, हे वादाचे मुद्दे आहेत. तपासणीसाठी आयएसएकडे स्वतःचे जहाजही नाही.

मतदानाची एक तांत्रिक बाब इथे निर्णायक ठरू शकते. अर्जांची छाननी कायदा व तंत्र आयोग करतो. आयोगाने मंजुरीची शिफारस केली, तर ३६ सदस्यांच्या परिषदेला ती फेटाळण्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागते, शिवाय परिषदेतल्या प्रत्येक गटातही बहुमत. म्हणजे होकारापेक्षा नकार कठीण. सुमारे ४० देशांनी खाणकामाला तात्पुरती स्थगिती किंवा सावध विराम देण्याची मागणी केली आहे. फ्रान्स तर थेट बंदीची भाषा करतो. तरीही एवढ्या संख्येने अर्ज फेटाळला जाईलच, असे नाही.

अमेरिकेने कोणती वाट काढली?

अमेरिका सागरी कायदा कराराची सदस्य नाही. १९८०मध्ये, करार अंतिम होण्याआधीच, तिने स्वतःचा समुद्रतळ खनिज कायदा केला. त्यात अमेरिकी कंपन्यांना राष्ट्रीय हद्दीबाहेर परवाने देण्याचा अधिकार ‘नोआ’ या सागरी व हवामान संस्थेला आहे. चार दशके हा कायदा जवळपास पडून होता. २४ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून परवाने जलद देण्यास सांगितले आणि पाचच दिवसांनी मेटल्स कंपनीच्या अमेरिकी शाखेने सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरसाठी अर्ज दाखल केला. जानेवारी २०२६मध्ये नोआने शोधकार्य आणि खाणकाम या दोन टप्प्यांची परवानगी एकत्र मागता येईल, असा नियमबदलही केला.

कायद्याच्या दृष्टीने यातून विचित्र स्थिती निर्माण होते. कराराच्या १३७व्या कलमानुसार कोणत्याही देशाने या तळावर वा त्याच्या खनिजांवर परस्पर सांगितलेला हक्क इतर सदस्य देशांनी मान्य करायचा नाही. आणि कंपनी एकटी काम करत नाही. चाचणीतले ‘हिडन जेम’ हे जहाज स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेल्या ‘ऑलसीज’चे होते, गोळ्यांवर प्रक्रिया करण्यासाठी जपानी उद्योगाशी बोलणी झाली आहेत. स्वित्झर्लंड आणि जपान हे दोन्ही करारातले देश. अमेरिकेच्या कागदावर काढलेला माल त्यांच्या उद्योगांनी हाताळला, तर त्यांच्या सरकारांना आयएसएसमोर उत्तर द्यावे लागेल. म्हणजे अडवणारे गस्ती जहाज किंग्स्टनहून निघणार नाही; अडवणूक झालीच तर ती बंदरात, कारखान्यात आणि विमा कंपनीच्या कार्यालयात होईल. जुलै २०२५मध्ये आयएसएच्या परिषदेने कंत्राटदार कराराचे पालन करत आहेत का, याची चौकशी करण्यास सांगितले. नोरीचा १५ वर्षांचा शोधकरार जुलै २०२६पर्यंतचा असल्याने या चौकशीला धार आली.

भारताची भूमिका काय?

भारताचा या गोळ्यांशी संबंध गोव्यातून सुरू होतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी पहिले गोळे वर काढले. १९८७मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंदणी झालेला भारत हा पहिला देश. २००२मध्ये आयएसएशी करार झाला आणि मुदतवाढी मिळत तो मार्च २०२७पर्यंत आला आहे. मध्य हिंदी महासागरातल्या ७५ हजार चौरस किलोमीटरमध्ये ३८ कोटी टन गोळे असल्याचा सरकारी अंदाज आहे.

या दोन आकड्यांचा भागाकार क्वचितच केला जातो. सरासरी निघते दर चौरस मीटरला सुमारे पाच किलो, म्हणजे मेटल्स कंपनीच्या पट्ट्याच्या तिसरा हिस्सा. तेच ३० लाख टन काढायचे तर २०० नव्हे, ६०० चौरस किलोमीटर तळ दरवर्षी खरवडावा लागेल. मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही जास्त. प्रत्यक्षात दाट भाग आधी निवडले जातील, त्यामुळे सुरुवातीला आकडा कमी राहील. पण टनामागे होणारी हानी मोजायची तर हिंदी महासागराचे गणित प्रशांतपेक्षा कठीण आहे.

तंत्रज्ञानात प्रगती आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘वराह’ यंत्र २०२१मध्ये ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले गेले. २०२४मध्ये अंदमान समुद्रात १,१७३ मीटरवरून १०० किलोहून अधिक गोळे उचलले गेले. ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेत तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेणारे ‘मत्स्य-६०००’ही आहे. मात्र शंभर किलोंपासून तीन हजार टनांपर्यंतचे अंतर मोठे आहे आणि तीन हजार टन हीदेखील चाचणीच होती.

पर्यावरणाच्या अभ्यासातही भारत मागे नव्हता. १९९७मध्ये गोव्याच्या संस्थेने याच खोऱ्यात सुमारे तीन किलोमीटर लांब आणि २०० मीटर रुंद पट्ट्यात मुद्दाम गाळ ढवळून परिणाम पाहिले. त्या प्रयोगात गाळ उपसून तळाच्या थोडे वर सोडला होता. व्यावसायिक खाणीसारखे गोळे काढून नेलेले नव्हते. त्यामुळे लोटाविषयी तो काही सांगतो, टणक आधार गेल्यावर काय होते याविषयी नाही. ते तिथे अजून तपासायचे आहे.

आयएसएच्या परिषदेत भारत स्थगिती मागणाऱ्यांच्या रांगेत नाही आणि अमेरिकेच्या मार्गानेही गेलेला नाही. सप्टेंबर २०२५मध्ये कार्ल्सबर्ग रिजमधल्या सल्फाइड खनिजांसाठी त्याने आयएसएशीच नवा करार केला. त्यात हितसंबंध उघड आहे : भारताचे सगळे पट्टे आयएसएच्या कागदावर उभे आहेत, तो कागद निकामी झाला तर भारताचा हक्कही लटकतो. घरचा एक प्रश्न मात्र उरतो. भारताच्या बाबतीत कंत्राटदार खुद्द भूविज्ञान मंत्रालय आहे आणि कंत्राटदारावर लक्ष ठेवायची जबाबदारी प्रायोजक देश म्हणून पुन्हा भारत सरकारचीच. देशाच्या स्वतःच्या सागरी हद्दीतील खनिजांसाठी २००२चा कायदा आहे; त्याखाली ग्रेट निकोबारजवळच्या गोळ्यांचे सात पट्टे २०२४मध्ये लिलावासाठी काढले गेले. पण तो कायदा हद्दीपलीकडच्या या ७५ हजार चौरस किलोमीटरला लागू होत नाही. मार्च २०२७मध्ये भारताला पुन्हा मुदतवाढ मागायची की खाणकामाचा आराखडा पुढे करायचा, हे ठरवावे लागेल आणि आराखड्यासोबत तळाच्या जिवांची आधारभूत माहितीही द्यावी लागेल.